प्रश्न समजावून देईन, पेपर लिहून देणार नाही

आमच्या भागातल्या इंजिनिअरिंगच्या मुलांसाठी आम्ही काही जण एक व्हॉट्सॲप ग्रुप चालवतो. एका शनिवारी रात्री त्यावर एक पीडीएफ आली. डेटाबेस विषयाचा घरी सोडवायचा पेपर, २० गुणांचा, सोमवारी सकाळी जमा करायचा. पहिल्याच पानावर सूचना होती : पुस्तके आणि वह्या पाहायला हरकत नाही, उत्तरे मात्र स्वतःची हवीत. खाली एका मुलाने लिहिले होते, "कोणी सीनियर सोडवून टाका ना, प्लीज."

मी लिहिले, "प्रश्न कळला नसेल तर फोन कर, समजावतो. उत्तर लिहून देणार नाही." त्यावर ग्रुपमधल्या मोठ्यांनीच मला झापले. आपलीच पोरे आहेत, आधीच मागे पडलेली आहेत, तुझी डिग्री मग काय कामाची? पाऊण तासात दुसऱ्या एका सीनियरने वहीच्या पानावर उत्तरे लिहून फोटो टाकला. त्याला बदामांची रांग लागली, मला कोणी विचारले नाही.

मी तेव्हा गप्प बसलो. आता परीक्षा आणि निकाल दोन्ही होऊन गेले आहेत, म्हणून तो प्रश्नच समोर ठेवून बोलतो. प्रश्न असा होता : R(A, B, C, D) हे टेबल आहे आणि त्याचे नियम हे आहेत :

```
AB → C
C → D
D → A
```

सर्व कँडिडेट की शोधा. टेबल कोणत्या नॉर्मल फॉर्ममध्ये आहे ते सकारण सांगा. त्याचे तुकडे केल्यास सगळे नियम टिकतात का?

माझ्या खालाच्या मुलाने मला फोन केला. "भाई, शेवटची ओळ इंग्रजीत वाचली, पण काय विचारलंय तेच कळत नाही." मी सांगितले : टेबलाचे तुकडे केल्यावर जुने नियम त्या तुकड्यांतच तपासता येतात का, की तपासण्यासाठी तुकडे पुन्हा जोडावे लागतात, एवढेच विचारले आहे. मग 'की' म्हणजे काय, हे वाचनालयाच्या उदाहरणाने समजावले. सभासद क्रमांकावरून सभासदाचे नाव कळते. सभासद क्रमांक आणि पुस्तक क्रमांक दोन्ही असतील तर पुस्तक नेल्याची तारीख कळते. आता नुसता सभासद क्रमांक हातात घे आणि नियम लावत जा. नाव मिळाले, पुढे गाडी अडली. पुस्तक क्रमांकही घेतला तर सगळे मिळते. ज्या कमीत कमी रकान्यांवरून सगळे रकाने मिळतात, ती कँडिडेट की. 'सर्व' हा शब्द मी त्याला पुन्हा वाचायला लावला, कारण तो पेपरातच आहे.

तो म्हणाला, "म्हणजे किती निघतात?" तिथे मी थांबलो.

माझी रेघ इथे आहे. 'सर्व' म्हणजे एकावर थांबायचे नाही, हे सांगणे म्हणजे प्रश्न समजावणे. 'तीन निघतात' हे सांगणे म्हणजे उत्तर देणे, मग त्या तीन कोणत्या हे मी सांगितले नाही तरीही. वाचनालयाचे टेबल सोडवून दाखवणे हे शिकवणे, पेपरातले टेबल सोडवून देणे ही नक्कल. आणि "बरोबर आहे का, एवढंच सांग" ही विनंतीही वाटते तितकी साधी नाही. चारदा 'चूक' म्हटले की पाचव्यांदा उत्तर आपोआप सापडते. म्हणून तपासून देणे पेपर जमा झाल्यावर.

आता त्या फोटोतल्या उत्तराकडे वळू. सीनियरने लिहिले होते : की एकच, AB. C → D मुळे मधल्या रकान्यातून नियम जातो, म्हणून टेबल तिसऱ्या नॉर्मल फॉर्ममध्ये नाही. वाचायला पक्के वाटते, पण चूक आहे. BC घ्या : C वरून D, D वरून A, चारही मिळाले. BD घ्या : D वरून A, आता A आणि B वरून C, पुन्हा चारही. म्हणजे की तीन आहेत, AB, BC आणि BD. चारही रकाने कोणत्या ना कोणत्या कीमध्ये येतात, म्हणून टेबल तिसऱ्या नॉर्मल फॉर्ममध्ये आहे. ते बीसीएनएफमध्ये नाही, कारण एकट्या C वरून B कधीच मिळत नाही, तरी C → D हा नियम आहे.

कॉलेज सोडून दहा वर्षे झालेल्या माणसाने रात्री घाईत केलेली ही चूक आठ पेपरांत जशीच्या तशी उतरली. अशी चूक लपत नाही. बरोबर उत्तर सगळ्यांचे सारखे असू शकते, पण तीच चूक त्याच शब्दांत आठ जणांना एकाच वेळी सुचत नाही. बाईंनी आठही जणांना बोलावले आणि एकच विचारले : BC वरून काय काय मिळते ते फळ्यावर लिहा. कोणालाच जमले नाही. त्या प्रश्नाचे गुण सगळ्यांचे गेले.

खालाच्या मुलाचे उत्तरही पूर्ण बरोबर नव्हते. त्याला AB आणि BC सापडल्या, BD राहिली, त्यामुळे नॉर्मल फॉर्मही चुकला. बाईंनी त्यालाही विचारले, "BD घेऊन पाहिलंस?" त्याने फळ्यावर दोन ओळी लिहिल्या आणि स्वतःच म्हणाला, "मॅडम, ही पण की आहे. मग माझं दुसरं उत्तर पण चुकलं." त्याचेही गुण कापले गेले. पण आपले उत्तर कुठे आणि का तुटले, हे त्याला कळले होते.

मागासलेपणाची सबब मी ऐकून घेतो, कारण मागे आहोत हे खरेच आहे. सच्चर समितीने २००६ मध्ये ते कागदावर मांडले, त्याला आता किती वर्षे झाली. पण नीट पाहा, या मुलांना कमी काय पडते? घरी इंग्रजी प्रश्न फोडून सांगणारे कोणी नसते. क्लासला पैसे नसतात. शंका विचारायची लाज वाटते. म्हणजे तुटवडा समजावणाऱ्यांचा आहे, आणि आपण तो उत्तरे वाटून भरून काढायला निघालो आहोत. ज्याच्या घरी इंजिनिअर आहे त्या मुलाला बाप शिकवतो, आणि आपण आपल्या मुलांना फोटो पाठवतो. मग अंतर कमी होणार तरी कसे?

मी नोकरीसाठी मुलाखती घेतो. दोन टेबले काढायला सांगितली की कोणी स्वतः अडखळत शिकले आहे, आणि कोणाला कोणी लिहून दिले आहे, हे लवकर कळते. त्या खोलीत ग्रुपवरचे सीनियर नसतात.

सीनियर मित्रांनो, तो फोटो पाठवायला पाऊण तास लागला. खालाच्या मुलाशी बोलायलाही मला तेवढाच वेळ लागला. आणि तुम्ही जे शिकता आहात, त्यांनो, पीडीएफ जरूर पाठवा. पण खाली 'सोडवून द्या' लिहू नका. कोणती ओळ कळली नाही, ते लिहा. त्या ओळीसाठी रात्री बारालाही माझा फोन चालू असेल.