बाटली किती दिवस पुरते?

गेल्या उन्हाळ्यात ओपीडीत एक शिक्षिका आल्या. वय चाळिशीच्या आसपास. दोन्ही गालांवर आणि वरच्या ओठावर वांगाचे तपकिरी डाग. चार महिने औषधाचे मलम लावूनही डाग हटत नव्हते, उलट मार्चपासून गडदच झाले होते. शाळा घरापासून बारा किलोमीटर, रोजचे जाणे-येणे स्कूटरवरून. मी नेहमीचा प्रश्न विचारला, ‘सनस्क्रीन लावता का?’ त्यांनी पर्समधून फाउंडेशनची बाटली काढून टेबलावर ठेवली. ‘डॉक्टर, यातच आहे की. एसपीएफ ३०. मग वेगळं कशाला?’

प्रश्न रास्त होता. बाटलीवरचा आकडाही खोटा नव्हता. मी त्यांना फक्त एवढेच विचारले, की ही बाटली केव्हा घेतली? त्या म्हणाल्या, ‘दिवाळीत. पुरवून वापरते, चार महिने सहज जाते.’ त्यांच्या डागांचे उत्तर या एका वाक्यात होते.

एसपीएफचा आकडा प्रयोगशाळेत ठरतो. तिथे त्वचेच्या दर चौरस सेंटिमीटरवर २ मिलिग्रॅम क्रीम पसरतात आणि मग त्वचा लाल व्हायला किती अतिनील किरणे लागतात हे मोजतात. सनस्क्रीन असो, मॉइश्चरायझर असो की फाउंडेशन, मोजण्याचे हे प्रमाण तेच. चेहरा आणि गळ्याचा पुढचा भाग मिळून साधारण ६०० चौरस सेंटिमीटर धरले, तर एका वेळेला १२०० मिलिग्रॅम, म्हणजे सव्वा ग्रॅमच्या आसपास क्रीम लागते. घरगुती मापात सांगायचे तर पाव चमचा, किंवा तर्जनी आणि मधले बोट यांच्यावर बुडापासून टोकापर्यंत ओढलेल्या दोन रेघा.

आता बाईंची बाटली पाहू. ती होती ३० मिलिलिटरची, म्हणजे ढोबळमानाने ३० ग्रॅम. रविवार आणि सुट्ट्या वगळून चार महिन्यांत शंभर दिवस ती वापरली गेली. म्हणजे दिवसाला पाव ते एक तृतीयांश ग्रॅम. लागणार होते सव्वा ग्रॅम, लागले त्याच्या चौथ्या हिश्शाइतके. एसपीएफ त्याच प्रमाणात उतरतो असे मानले, तर ३० चा झाला सात-आठ. हा झाला उदार हिशेब. थर पातळ झाला की काही मोजण्यांमध्ये संरक्षण याहूनही वेगाने घसरलेले दिसते. एसपीएफ ३० पूर्ण लावला तर त्वचा भाजणाऱ्या शंभर किरणांपैकी तीनेक आत येतात. सात-आठ एसपीएफला तेरा येतात. चौपट फरक. त्यातही स्पंजने लावताना स्पंज जे पितो, ते या हिशेबात धरलेलेच नाही.

मग फाउंडेशनच सव्वा ग्रॅम लावावे का? लावून पाहा. चेहऱ्यावर मुखवटा चढवल्यासारखे दिसेल आणि दुपारपर्यंत त्याला भेगा पडतील. अडचण औषधाची नाही, मात्रेची आहे. फाउंडेशन थोडेसेच लावायचे म्हणून बनवलेले असते, आणि एसपीएफ भरपूर लावला तरच खरा ठरतो. कॉम्पॅक्ट पावडरचे तर विचारूच नका. तिचा हात चेहऱ्यावरून फिरतो, पण थर म्हणावा असा बसत नाही.

मॉइश्चरायझरची गोष्ट थोडी वेगळी आहे. ते दोन बोटांच्या मापाने लावता येते, आणि तसे लावले तर त्याच्यावरचा आकडा सनस्क्रीनइतकाच खरा. पण आपण ते तसे लावत नाही. इंग्लंडमधील लिव्हरपूल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९ मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. त्याच लोकांना एकदा एसपीएफ ३० चे सनस्क्रीन आणि एकदा एसपीएफ ३० चे मॉइश्चरायझर नेहमीसारखे लावायला सांगितले आणि अतिनील कॅमेऱ्याने चेहऱ्याचे फोटो काढले. सनस्क्रीन लावताना चेहऱ्याचा सुमारे ११ टक्के भाग कोरडा राहिला होता, मॉइश्चरायझर लावताना सुमारे १७ टक्के. सर्वाधिक सुटल्या होत्या पापण्या आणि डोळ्यांचे कोपरे. मॉइश्चरायझर डोळ्यांत जाऊ नये म्हणून हात आपोआप लांब राहतो. शिवाय ते सकाळी एकदा लावले की विषय संपतो. दुपारी पुन्हा लावायची सवय कुणालाच नसते.

आणखी एक गैरसमज. मॉइश्चरायझर १५, त्यावर फाउंडेशन १५, मिळून ३० झाले, असे पुष्कळ जणी धरून चालतात. ही बेरीज होत नाही. दोन पातळ थरांपैकी प्रत्येक जण आपापल्या अपुऱ्या मात्रेतच काम करतो.

वांगासाठी तर एसपीएफ हा अर्धाच आकडा आहे. तो मुख्यतः त्वचा भाजणाऱ्या यूव्हीबी किरणांचा हिशेब सांगतो. डाग गडद करण्यात यूव्हीए किरणांचा मोठा वाटा असतो आणि ते खिडकीच्या काचेतूनही येतात. त्यांच्यासाठी डब्यावर ‘पीए’ आणि पुढे अधिकची चिन्हे पाहावीत. तीन किंवा चार असलेली बरी. नुसताच एसपीएफ छापलेला असेल, तर यूव्हीएबद्दल डबा गप्प आहे असे समजावे.

इथे फाउंडेशनची बाजूही मांडली पाहिजे. आपल्यासारख्या सावळ्या त्वचेवर डोळ्यांना दिसणारा प्रकाशसुद्धा, विशेषतः त्यातला निळा भाग, वांग गडद करतो. नेहमीचे रंगहीन सनस्क्रीन तो फारसा अडवत नाही. फाउंडेशनला त्वचेचा रंग देणारे आयर्न ऑक्साइड मात्र तो अडवते. म्हणून मी फाउंडेशन बंद करायला सांगत नाही, त्याची जागा बदलायला सांगतो. आधी मॉइश्चरायझर, मग दोन बोटे सनस्क्रीन, ते बसायला दहा मिनिटे, आणि वर फाउंडेशन. ते सनस्क्रीन चोळून न काढता हलक्या हाताने टिपत लावायचे. आयर्न ऑक्साइड असलेले टिंटेड सनस्क्रीन मिळाले, तर दोन्ही कामे एकातच होतात.

सकाळी रिक्षाने ऑफिसात जाऊन संध्याकाळी परतणाऱ्या आणि डाग नसलेल्या माणसाला पीए खूण असलेले एसपीएफ ३० चे मॉइश्चरायझर, पुरेसे लावले तर, चालेल असे माझे मत आहे. पण वांगाचा रुग्ण, उन्हात काम करणारा, त्वचा नाजूक करणारी औषधे घेणारा, यांनी त्यावर विसंबू नये.

खर्चाचा प्रश्न उरतोच. सव्वा ग्रॅमच्या मापाने ५० ग्रॅमची ट्यूब चाळीस दिवसांत संपते, दोनदा लावली तर वीस दिवसांत. सरकारी रुग्णालयात येणाऱ्या प्रत्येकाला ते परवडणार नाही, हे मला ठाऊक आहे. त्यांना मी घट्ट विणीचा गडद सुती स्कार्फ आणि छत्री सांगतो. कापडाला मात्रा मोजावी लागत नाही. कंपन्यांनी मात्र एसपीएफच्या आकड्याशेजारी ‘चेहऱ्याला इतके ग्रॅम लावल्यास’ हे तितक्याच मोठ्या अक्षरात छापायला हवे. अट लपवून आकडा दाखवणे ही अर्धवट माहिती आहे.

बाईंनी स्कार्फ आणि सनस्क्रीन दोन्ही सुरू केले. मलम तेच ठेवले. पावसाळा संपताना गालांवरचे डाग फिकट झाले होते. ओठावरचे अजून आहेत. नव्या ट्यूबवर त्यांनी पेनाने विकत घेतल्याची तारीख लिहिली होती. तुम्हीही लिहून पाहा. ट्यूब दोन महिन्यांहून जास्त टिकली, तर वाचले ते पैसे नव्हेत, न लावलेले सनस्क्रीन आहे.