तारीख जुनी, मथळा नवा

"अरे, पण तारीख तर मॅचच्या आधीचीच आहे ना!" हे वाक्य आलं की वाद संपतो. व्हिडिओखाली तारीख छापलेली आहे, ती यूट्यूबने टाकलेली आहे, आणि ती ज्याने व्हिडिओ टाकला त्याला स्वतःच्या हाताने बदलता येत नाही. मग आणखी पुरावा कसला हवा?

माझं म्हणणं असं की तारीख खरी असूनही पुरावा खोटा असू शकतो. कारण ती तारीख एकाच प्रश्नाचं उत्तर देते: हा व्हिडिओ लोकांसमोर कधी आला? त्यात शेवटचा बदल कधी झाला, या प्रश्नाचं उत्तर त्या पानावर कुठेच नसतं. आपण मात्र एक तारीख वाचून दोन्ही प्रश्नांची उत्तरं मिळाली असं धरून चालतो.

एक उदाहरण घेऊ. १९ नोव्हेंबर २०२३ ला अहमदाबादला वर्ल्डकपची फायनल झाली आणि ऑस्ट्रेलियाने आपल्याला सहा विकेट्सनी हरवलं. (जखम अजून ओली आहे, क्षमस्व.) समजा एका भविष्यवाल्या गृहस्थांनी १० नोव्हेंबरला दहा मिनिटांचा व्हिडिओ टाकला होता. नाव साधंच, 'वर्ल्डकपचे ग्रहमान'. त्यात राहू, केतू, शनी सगळ्यांची हजेरी आणि ठोस विधान एकही नाही. २० तारखेला सकाळी गृहस्थ यूट्यूब स्टुडिओ उघडतात, मथळा करतात 'फायनल ऑस्ट्रेलियाच जिंकणार', खालच्या वर्णनात दोन ओळी वाढवतात, थंबनेलवर लाल अक्षरात तेच लिहितात आणि सेव्हवर टिचकी मारतात. व्हिडिओचा दुवा तोच, व्ह्यूजचा आकडा तोच आणि तारीखही तीच, १० नोव्हेंबर. आता हा व्हिडिओ फॉरवर्ड होत फिरेल, आणि कुणी शंका घेतली की आपलं सुरुवातीचं वाक्य हजर.

यात तारखेचा दोष नाही. ती व्हिडिओची तारीख आहे, मथळ्याची नाही. मथळा, वर्णन आणि थंबनेल या तीन गोष्टी कधीही बदलता येतात आणि त्यामुळे तारीख हलत नाही.

मग निदान आतलं चित्र तरी तेच असतं का? बऱ्याच अंशी हो. यूट्यूबवर जुन्या दुव्यावर नवी फाइल चढवता येत नाही; नवी फाइल म्हणजे नवा दुवा आणि नवी तारीख. पण स्टुडिओतल्या एडिटरमधून सुरुवातीचा, शेवटचा किंवा मधला तुकडा कापता येतो, एखादा चेहरा धूसर करता येतो, आवाजाच्या जागी त्यांच्या संग्रहातलं संगीत लावता येतं. थोडक्यात, नंतर काढून टाकणं शक्य आहे, नवं दृश्य घुसवणं शक्य नाही. म्हणून माझा नियम सोपा आहे. व्हिडिओत माणूस तोंडाने जे बोलताना दिसतो, त्याला ती तारीख लागू. मथळ्यात जे लिहिलंय त्याला नाही. आणि जे व्हिडिओत *नाही*, ते आधीही नव्हतं असं तारखेवरून म्हणता येत नाही.

याची उलट बाजूही आहे. व्हिडिओ आधी खाजगी ठेवून नंतर सार्वजनिक केला, तर यूट्यूब सार्वजनिक केल्याची वेळ प्रकाशनाची म्हणून धरतं. म्हणजे दोन संघांचे दोन व्हिडिओ चढवून झाकून ठेवायचे आणि निकालानंतर बरोबर आलेला तेवढा उघडायचा, ही युक्ती इथे फसते. पण त्याच कारणाने प्रामाणिक माणसाचा मार्चमध्ये चढवलेला आणि जूनमध्ये उघड केलेला व्हिडिओ आपल्याला जूनचा दिसतो.

आता दुसरी गंमत. कधीकधी कुणीच काही बदललेलं नसतं, तरी दोन ठिकाणी दोन तारखा दिसतात. यासाठी यूट्यूबवरचा पहिलाच व्हिडिओ बघा. 'Me at the zoo', सह-संस्थापक जावेद करीम हत्तींसमोर उभा, १९ सेकंद. पानाचा सोर्स उघडून शोधलंत तर त्याची वेळ अशी मिळते:

```
"publishDate":"2005-04-23T20:31:52-07:00"
```

आणि यूट्यूबच्या एपीआयला विचारलंत तर अशी:

```
"publishedAt": "2005-04-24T03:31:52Z"
```

एक २३ एप्रिल म्हणतं, दुसरं २४. खरं कोण? दोघंही. पहिल्या ओळीच्या शेवटचं `-07:00` म्हणजे कॅलिफोर्नियाची उन्हाळी वेळ, आणि `Z` म्हणजे यूटीसी. तिथे शनिवारची रात्र होती, साडेआठ वाजले होते. आपल्याकडे त्याच क्षणी रविवारचे सकाळचे नऊ वाजून गेले होते. क्षण एकच, कॅलेंडरची पानं दोन. फक्त तारीख छापली की वेळ आणि टाइमझोन दोन्ही गळून पडतात आणि भांडायला एक दिवस उरतो. त्यामुळे दोन तारखांत एकाच दिवसाचा फरक असेल तर आधी घड्याळावर संशय घ्यावा, माणसावर नंतर.

'१ वर्षापूर्वी' हे आणखी ढोबळ. एक वर्ष अकरा महिने झाले तरी ते '१ वर्षापूर्वी'च राहतं. त्यावरून काहीही सिद्ध करायला जाऊ नये. वर्णन उघडून पूर्ण तारीख बघावी.

याच पहिल्या व्हिडिओने माझा मुख्य मुद्दाही सिद्ध होतो. नोव्हेंबर २०२१ मध्ये यूट्यूबने डिसलाइकचे आकडे लपवले, तेव्हा करीमने या व्हिडिओचं वर्णन बदलून तिथेच निषेध नोंदवला. तारीख राहिली २००५ चीच. ते वर्णन तारखेसकट वाचणाऱ्याला वाटेल की गड्याने सोळा वर्षं आधीच ओळखलं होतं!

मग बदल झालाय हे ओळखायचं कसं? खात्रीचा उपाय एकच, आधीची प्रत. वेबॅक मशीनमध्ये त्या दुव्याची जुनी नोंद असेल तर त्या दिवशीचा मथळा वाचता येतो. ती नसेल तर जुने प्रतिसाद चाळावेत. कुणी '८:४० ला काय बोललाय बघा' असं लिहिलंय आणि व्हिडिओ सहाच मिनिटांचा आहे, तर कात्री चालली आहे. भविष्य सांगणाऱ्या व्हिडिओखाली निकालाच्या आधीच्या एकाही प्रतिसादात त्या भविष्याचा उल्लेख नसेल, तर तेही पुरेसं बोलकं आहे. चॅनलच्या आरएसएस फीडमध्ये प्रत्येक व्हिडिओला `published` आणि `updated` अशा दोन वेळा असतात, पण तिथे शेवटचे पंधराच व्हिडिओ मिळतात, आणि `updated` काय बदललं हे सांगत नाही. तो फार तर इशारा, पुरावा नव्हे.

मला खटकतं ते हे. त्याच व्हिडिओखाली तुम्ही-आम्ही प्रतिसाद लिहून नंतर एक वेलांटी दुरुस्त केली, तरी यूट्यूब शेजारी 'संपादित' असा शिक्का मारतं. लाखो लोक ज्यावर विसंबतात तो मथळा मात्र चोरपावलांनी बदलता येतो. म्हणजे खूण दाखवणं त्यांना येतं. ती व्हिडिओच्या मथळ्याशेजारी दाखवलेली नाही, एवढंच. 'मथळा बदलला, २० नोव्हेंबर' एवढी एक ओळ तारखेखाली आली तरी भविष्यवाल्यांचं अर्धं दुकान बंद होईल.

ती येईपर्यंत, पुढच्या वेळी कुणी तारखेकडे बोट दाखवलं की त्याला एवढंच विचारा: "हे तो व्हिडिओत नेमकं कितव्या मिनिटाला बोलतो?"