रिकाम्या घरातले दिवे

सुमाताई ही माझी मोठी मावसबहीण. नारायण धारप तिने कोळून प्यायलेत, पण भयपट लागला की उठून स्वयंपाकघरात जाते. "मला भीती चालते रे, दचकणं नाही चालत. आणि रक्त तर बिलकुल नको," असं ती म्हणते. मुलाने मोठ्या हौसेने लावून दिलेला हॉरर गेम तिने पाच मिनिटांत बंद केला, तेव्हा मी तिला 'गॉन होम'पाशी बसवलं.

२०१३ साली आलेला हा गेम दोन-तीन तासांत संपतो. ७ जून १९९५ची रात्र आहे, एक वाजून गेलाय, बाहेर वादळ. वर्षभर युरोपात फिरून आलेली केटी अमेरिकेतल्या ऑरेगनमधल्या घरी पोचते. ती परदेशात असताना घरचे या जुन्या वाड्यात राहायला आले, त्यामुळे हे घर तिनेही पाहिलेलं नाही. दाराला धाकट्या बहिणीची चिठ्ठी लावलेली, आत कुणीच नाही. पोर्चमधल्या कपाटात एका शोभेच्या बदकाखाली किल्ली सापडते आणि आपण आत शिरतो. यापुढे आपण फक्त चालायचं, खण उघडायचे, चिठ्ठ्या वाचायच्या आणि दिवे लावायचे.

या दिव्यांतच सगळी गंमत आहे. प्रत्येक खोली अंधारी, आणि बटण शोधायचं ते आपणच. ताई दिवा लावून खोली बघायची आणि निघताना तो चालूच ठेवायची. तासाभराने मागे वळून पाहिलं तर सगळा तळमजला उजळलेला, आणि पुढचा जिना मात्र काळाकुट्ट. कोणीही अंगावर येत नव्हतं, तरी ती त्या जिन्यापाशी थबकली. दचकवणाऱ्या गेममध्ये भीती बाहेरून आदळते. इथे ती आपणच मनात रचतो, कारण लाकूड करकरतं, पाऊस थांबत नाही आणि घरात माणसं का नाहीत हे कळत नाही.

वरच्या न्हाणीघरात टब लाल डागांनी भरलेला दिसला, तेव्हा ताईने माउस सोडला. "तू म्हणाला होतास रक्त नाही म्हणून!" मी म्हटलं, "शेजारची बाटली बघ." ती केसांच्या रंगाची बाटली होती. डाग आधी दिसावेत आणि बाटली नंतर, ही मांडणी मुद्दाम केलेली आहे. आपल्या डोक्यातल्या भयकथाच आपल्याला कशा फसवतात, ते हा गेम अशा जागी दाखवतो.

एक जागा मात्र आधी सांगायला हवी होती. एका चोरवाटेत क्रूस उचलला की वरचा बल्ब जातो आणि क्षणात काळोख होतो. मी विसरलो आणि ताई उडाली. त्यात भर म्हणजे हेडफोन मीच तिला आग्रहाने लावायला लावले होते. दचकणं ही विचाराआधी घडणारी शारीरिक क्रिया आहे. आवाज जितका मोठा आणि अचानक, तितका झटका जास्त. म्हणून दचकायचं नसेल त्याने पहिल्यांदा स्पीकरवर, आवाज कमी ठेवून खेळावं. पावसाची संततधार मंद आवाजातही तेवढीच अस्वस्थ करते. फारच भीती वाटली तर सुरुवातीलाच घरातले सगळे दिवे लावून ठेवायची सोयही या गेममध्ये आहे, पण ती वापरली तर बरंचसं वातावरण जातं. मी तरी सुचवणार नाही.

भूत दिसावंच असं ज्यांना वाटतं त्यांची इथे निराशा होईल, कारण मुळात ही एका कुटुंबाची गोष्ट आहे. ती काय, हे सांगत नाही. एवढं सांगतो, की पोटमाळ्याच्या दाराशी लाल दिव्यांखाली ताई बराच वेळ उभी होती.

आता तिला आणखी हवंय. पुढची पायरी म्हणून माझ्या मनात स्वीडनच्या फ्रिक्शनल गेम्सचा 'सोमा' आहे. हा २०१५चा, अटलांटिकच्या तळाशी असलेल्या पडक्या संशोधन केंद्रात घडणारा. मूळ गेममध्ये राक्षस पाठलाग करून मारतात, आणि लपण्या-मरण्याच्या त्या फेऱ्यांना कंटाळून अनेकांनी तो अर्धवट सोडला असेल. २०१७च्या डिसेंबरात बनवणाऱ्यांनीच त्यात 'सेफ मोड' आणला. राक्षस तिथेच असतात, समोर येतात, पण तुमचा जीव घेत नाहीत. नवा खेळ सुरू करतानाच तो निवडायचा. मग उरतो तो समुद्राचा दाब, गंजलेले बोगदे, आणि माणूस म्हणजे नेमकं काय, हा छातीवर बसणारा प्रश्न. धारप आवडणाऱ्याला हा प्रश्न आवडेल.

पण मृतदेह त्यात आहेत, आणि माणसाचं शरीर यंत्रात मिसळून विद्रूप झालेलंही दिसतं. सेफ मोड त्यातलं काहीही पुसत नाही. ताईला हे सांगितलं, तर ती म्हणाली, "आधी तू खेळ, मी बाजूला बसून बघते." येत्या रविवारी बसणार आहोत, हेडफोनशिवाय.