पासष्टीनंतरचा ‘धडा’ आणि त्याच्या मर्यादा

घरातील वयस्कर माणूस गप्प गप्प राहू लागला, की त्याचे स्पष्टीकरण एका वाक्यात दिले जाते : ‘आता वयच झाले.’ तीच व्यक्ती सत्तरीनंतर काही नवे करू पाहील, तर ‘हे काय वय आहे का?’ असा प्रश्न येतो. अमुक वयात मन अमुक अवस्थेत असले पाहिजे, अशी समजूत या दोन्ही वाक्यांमागे असते. मानसशास्त्रातील एका प्रसिद्ध सिद्धांतानेही या समजुतीला बळ दिले आहे. तो सिद्धांत मुळात काय सांगतो आणि कोठे अपुरा पडतो, हे समजून घेतल्यास घरातील वृद्धांकडे पाहण्याची आपली दृष्टी बदलू शकते.

एरिक एरिक्सन (1902–1994) हे जर्मनीत जन्मलेले आणि पुढे अमेरिकेत स्थायिक झालेले मनोविश्लेषक. महात्मा गांधी आणि 1918 चा अहमदाबादचा गिरणी कामगारांचा लढा यांवरील त्यांच्या ग्रंथामुळे आपल्याकडील काही वाचकांना त्यांचे नाव परिचित असेल. 1950 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात त्यांनी मानवी आयुष्याचे आठ टप्पे मांडले. प्रत्येक टप्प्यावर मनापुढे एक पेच उभा राहतो. तान्ह्या बाळापुढे जगावर विश्वास ठेवावा की नाही हा पेच असतो, किशोरापुढे ‘मी कोण?’ हा, तर मध्यमवयीन माणसापुढे पुढच्या पिढीसाठी काही घडवावे की स्वतःतच थिजून जावे हा. आठवा आणि अखेरचा पेच वार्धक्याचा. आपले आयुष्य जसे घडले तसे, त्यातील उणिवांसह ‘हे माझे’ म्हणून स्वीकारणे, याला आपण ‘समग्रता’ म्हणू. आयुष्य वाया गेले आणि आता नव्याने सुरुवात करायला वेळ उरला नाही, ही दुसऱ्या बाजूची भावना म्हणजे ‘हताशा’.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. समग्रता मिळाली म्हणजे उत्तीर्ण आणि हताशा आली म्हणजे अनुत्तीर्ण, असे एरिक्सन यांनी म्हटलेले नाही. दोन्ही भावना एकाच मनात राहतात. त्यांच्या ओढाताणीत तोल समग्रतेकडे झुकला, तर त्यातून शहाणपण येते, असे त्यांचे म्हणणे होते. ज्या आजोबांना जमीन विकल्याची खंत अजूनही सलते, त्यांचे वार्धक्य ‘फसले’ असे ठरत नाही. थोडी हताशा ही या वयाच्या प्रामाणिक हिशेबाचा भागच आहे.

मग वयाचे आकडे कोठून आले? एरिक्सन यांच्या मूळ तक्त्यात प्रौढपणीच्या टप्प्यांना तारुण्य, प्रौढत्व, परिपक्वता अशी नावे आहेत. चाळीस ते पासष्ट, पासष्टच्या पुढे, असे कप्पे प्रामुख्याने पाठ्यपुस्तकांनी सोयीसाठी पाडले. आपल्याकडेही असेच घडले आहे. आश्रमव्यवस्था म्हटले की पंचवीस-पंचवीस वर्षांचे चार भाग आपण बोटांवर मोजतो. मनुस्मृतीत मात्र गृहस्थाने वनाकडे कधी वळावे, हे सांगताना वर्षांचा आकडा येत नाही. कातडीवरील सुरकुत्या, पांढरे केस आणि नातवंडाचे मुख अशा खुणा येतात. खूण माणसागणिक वेगळ्या वेळी दिसते, आकडा सर्वांना एकाच दिवशी गाठतो. राज्य शासनाचा बहुतेक कर्मचारीवर्ग 58 व्या वर्षी निवृत्त होतो, केंद्राचा 60 व्या. दोन वर्षांचा हा फरक प्रशासनाने ठरविला, मनाने नव्हे.

शिवाय हे पेच कोणाच्या आयुष्यावरून बेतले, हाही प्रश्न आहे. आधी ओळख, मग जोडीदार, मग संगोपन, मग हिशेब, हा क्रम शिक्षण, नोकरी आणि निवृत्ती अशा सरळ रेषेत चालणाऱ्या आयुष्याला शोभतो. सोळाव्या वर्षी लग्न होऊन आलेल्या, चूल आणि शेत सांभाळलेल्या बाईला ‘मी कोण?’ हे विचारायची सवड कदाचित पतीच्या निधनानंतर, पासष्टीला मिळते. मुलगा-सून परगावी असल्याने सत्तरीत नातवंडे वाढविणारे आजी-आजोबा तक्त्यानुसार ‘मागच्या’ टप्प्यात असतात. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बर्निस न्यूगार्टन यांनी याला ‘सामाजिक घड्याळ’ म्हटले. लग्न, अपत्य, निवृत्ती यांची ‘योग्य वेळ’ समाज ठरवितो आणि ती चुकली की माणसाला आपण मागे पडलो असे वाटू लागते. हा ताण खरा असतो, पण तो घड्याळाने निर्माण केलेला असतो.

सर्वांत मोठी मर्यादा मात्र एरिक्सन दांपत्याच्याच घरात उघड झाली. आठव्या टप्प्याविषयी लिहिले तेव्हा एरिक पन्नाशीच्याही आत होते. पुढे त्यांनी, पत्नी जोन यांनी आणि हेलन किव्हनिक यांनी ऐंशीच्या आसपासच्या 29 व्यक्तींशी दीर्घ संवाद साधला. त्यावरील पुस्तक 1986 मध्ये आले. एरिक यांच्या निधनानंतर, नव्वदी ओलांडलेल्या जोन यांनी मूळ मांडणीला नववा टप्पा जोडला. तो 1997 मध्ये प्रसिद्ध झाला. समग्रता आणि शहाणपण यांविषयी आपण जे लिहिले, ते प्रत्यक्ष नव्वदीत तसेच्या तसे लागू पडत नाही, असे त्यांना दिसले. त्यांच्या मते अतिवृद्धत्वात आधीचे सारे पेच परत येतात आणि या वेळी त्यांची दुखरी बाजू आधी समोर येते. पाऊल टाकताना स्वतःच्या गुडघ्यावर भरवसा राहत नाही, म्हणजे बाळपणीचा विश्वास-अविश्वासाचा पेच पुन्हा उभा राहतो. अंघोळीला दुसऱ्याचा हात लागतो, तेव्हा दोन-तीन वर्षांच्या मुलाला भेडसावणारा स्वायत्तता आणि लाज यांचा पेच परततो.

काळजीवाहकांसाठी ही दृष्टी फार उपयोगी आहे. अंघोळीच्या वेळी चिडणारी आजी ‘हट्टी’ नसून लाजेशी झगडत असते, हे कळले की उपायही सुचतो. अंगावर पंचा राहू द्यावा, पाणी किती ऊन हवे ते तिला विचारावे, जेथे तिचा हात पोहोचतो तेथील साबण तिलाच लावू द्यावा.

आता एक उदाहरण सविस्तर पाहू. ते कोणा एका व्यक्तीचे नाही, मात्र असे चित्र अनेक घरांत दिसते. 79 वर्षांचे निवृत्त शिक्षक. पत्नी जाऊन दीड वर्ष झाले. गेल्या दोन महिन्यांत त्यांनी वृत्तपत्र बंद केले, पुस्तके वाटून टाकली, संध्याकाळचा कट्टा सोडला. ‘आता काय उरले आहे?’ असे म्हणतात. घरचे म्हणतात, ‘विरक्ती आली आहे, या वयात यायचीच.’ आठव्या टप्प्याविषयी ऐकलेला एखादा ‘हताशा’ म्हणेल. दोघेही वयाकडे बोट दाखवून थांबले.

थांबण्यापूर्वी काही गोष्टी पाहाव्या लागतात. पहाटे तीनला जाग येऊन पुन्हा झोप लागत नाही का? कपडे सैल झाले आहेत का? आवडीचा पदार्थ, आवडते माणूस समोर आले तरी चेहरा उजळत नाही का? ‘मी तुम्हाला ओझे झालो’ असे शब्द वारंवार येतात का? खरी विरक्ती आलेला माणूस पसारा आवरतो, पण चहाची चव घेतो, आल्यागेल्याची चौकशी करतो. त्याचे सोडणे शांत असते. नैराश्याच्या आजारात, म्हणजे डिप्रेशनमध्ये, सोडण्याबरोबर रसही आटतो. अशी स्थिती दोन आठवड्यांहून अधिक, जवळजवळ रोज, दिवसाचा बहुतेक वेळ राहिली, तर ती वयाची अवस्था समजू नये. आपल्या शिक्षकांच्या बाबतीत चारही प्रश्नांची उत्तरे ‘हो’ असतील, तर पुढचे पाऊल म्हणजे डॉक्टरांची भेट. थायरॉइड, ‘बी-12’ जीवनसत्त्वाची कमतरता, एखादे नव्याने सुरू झालेले औषध, कमी होत गेलेले ऐकू येणे हीदेखील कारणे असू शकतात. म्हणून चालू औषधांची पूर्ण यादी सोबत न्यावी. वृद्धापकाळातील डिप्रेशनवर औषधे आणि समुपदेशन यांचा उपयोग होतो, वय त्याच्या आड येत नाही. मरणाची इच्छा बोलून दाखविली गेली, तर त्याच दिवशी मदत घ्यावी आणि त्यांना एकटे ठेवू नये. शासनाची ‘टेली-मानस’ सेवा 14416 या क्रमांकावर अहोरात्र उपलब्ध आहे.

समजा, तपासणीत आजार आढळला नाही आणि शिक्षक झोपतात, जेवतात, नातीशी हसतात, पण जुन्या गोष्टी मात्र पुन्हा पुन्हा सांगतात. तेव्हा एरिक्सन यांचा आठवा टप्पा खरोखर कामाला येतो. 1963 मध्ये अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ रॉबर्ट बटलर यांनी दाखवून दिले, की वृद्धांचे असे मागे पाहणे म्हणजे बुद्धी क्षीण झाल्याची खूण नव्हे. तो आयुष्याचा हिशेब जुळविण्याचा स्वाभाविक प्रयत्न असतो. ‘जाऊ द्या, झाले ते झाले’ म्हणून तो तोडू नये. ‘मग तुम्ही काय केले?’, ‘तेव्हा घरात आणखी कोण होते?’ असे प्रश्न विचारावेत. हिशेब जुळत चालला आहे, हे गोष्टीवरूनच कळते. तिच्यात नवी माणसे, नवे तपशील येऊ लागतात, स्वतःला दोष देण्याबरोबर त्या वेळची अडचणही आठवते. उलट एकच अपराध, त्याच शब्दांत, दर वेळी अधिक तळमळीने येत असेल, तर घरच्या ऐकण्याने भागत नाही आणि समुपदेशकांची मदत घ्यावी.

आणि ज्येष्ठ वाचकहो, आपल्यासाठी एक गोष्ट. साठीची शांत झाली, सहस्रचंद्रदर्शन झाले, तरी मनात समाधान दाटून आले नाही म्हणून आपण कोठे कमी पडलो, असे समजू नये. हे टप्पे म्हणजे मनात उठणाऱ्या प्रश्नांची यादी आहे, आणि ते प्रश्न कोणत्या क्रमाने, कोणत्या वर्षी पुढे येतील, हे ज्याच्या त्याच्या आयुष्यावर अवलंबून आहे. सध्या आपल्या मनात यांपैकी कोणता प्रश्न घोळतो आहे, हे घरातील एखाद्या व्यक्तीला सांगून पाहावे. तो ‘चुकीच्या’ वयात आला असेल, तरी सांगावा.