मोतीबिंदू पिकण्याची वाट पाहू नका

गेल्या पावसाळ्यानंतर पोलादपूर तालुक्यातल्या एका वाडीत, बुद्धविहाराच्या ओट्यावर नेत्रतपासणी शिबिर झाले. त्रिसरण-पंचशील झाल्यावर कार्यकर्त्यांपैकी कुणीतरी दोन शब्द बोलावेत असे ठरले आणि ते काम आमच्याकडे आले. आमची बोलण्याची सवय सभेतली, पण समोर बसलेले निम्मे लोक सत्तरी ओलांडलेले आणि त्यांचे लेक-सून मुंबईला. म्हणून आम्ही घोषणा बाजूला ठेवून नुसते कामाचे बोललो. ते बोलणे जसे आठवते तसे येथे देत आहोत. इतर वाड्यांतही ते लागेल.

“आयांनो, बाबांनो, आज इथे कुणाच्या डोळ्याला सुरी लागणार नाही. आज फक्त तपासणी आहे. पूर्वी शाळेच्या खोल्यांत टेबले मांडून ऑपरेशने होत, तुमच्यातल्या काहींनी ती पाहिलीही असतील. त्यात डोळ्यात जंतू जाऊन दृष्टी जाण्याचा धोका होता, म्हणून आता ऑपरेशन रुग्णालयाच्या ऑपरेशन थिएटरमध्येच करतात. सरकारी कार्यक्रमात ते मोफत, आत बसवायचे भिंगही मोफत. जे निवडले जातील त्यांना गाडीने नेऊन आणून सोडले जाईल. तपासणीच्या टेबलावर कुणी पैसे मागितले तर आम्हाला सांगा.

आधी त्या भिंतीवरचा तक्ता वाचायचा. वाचता येत नसेल तरी चालते. इंग्रजी ‘ई’सारखी खूण आहे, तिची टोके वर, खाली की बाजूला, एवढे हाताने दाखवायचे. तिथून वीस फुटांवर उभे राहून एकेक डोळा झाकायचा. तक्ता दिसलाच नाही तर नेत्रचिकित्सा अधिकारी जवळ येऊन बोटे मोजायला सांगतील. मग बारीक भोक असलेली एक पट्टी डोळ्यासमोर धरतील. भोकातून जास्त स्पष्ट दिसले तर दोष बहुधा चष्म्याच्या नंबरचा असतो. फरक पडला नाही तर आत काहीतरी आहे. मग बॅटरीने बाहुली पाहतात. तिच्यामागे पांढरट, राखी रंग दिसला तर मोतीबिंदू.”

पुढच्या रांगेतल्या एका आजींनी विचारले, “भाऊ, पिकला का न्हाई ते बघतात का? माझा अजून पिकला न्हाई म्हणून थांबलीय.” हा प्रश्न आम्हाला प्रत्येक शिबिरात भेटतो. आम्ही म्हणालो, “आजी, ती जुन्या काळातली गोष्ट. तेव्हा ढगाळलेले भिंग काढून टाकत आणि जाड काचेचा चष्मा देत, म्हणून डोळा अगदी निकामी होईपर्यंत थांबायचे. आता जुने भिंग काढून त्याच जागी प्लॅस्टिकचे बारीक भिंग बसवतात. भात लावता येत नाही, तांदळातला खडा दिसत नाही, चुलीचा जाळ नीट कळत नाही, एवढे झाले की वेळ आली. फार पिकू दिले तर भिंग फुगते किंवा त्यातले पाणी झिरपते, डोळ्याचा दाब वाढतो, डोळा लाल होऊन असह्य ठणकतो, आणि मग दिवस नव्हे, तास मोजायची वेळ येते. थेंबांनी, मधाने, कुठल्या मुळीच्या रसाने भिंग स्वच्छ होत नाही. उलट डोळ्याला जखम होते.

एक खरे सांगतो, सगळ्यांनाच दृष्टी परत मिळेल असे नाही. काचबिंदू नावाचे दुसरे दुखणे आहे. त्यात समोरचे दिसते, पण बाजूचे हळूहळू जाते. माणूस उंबरठ्याला ठेचकाळतो आणि म्हणतो, वय झाले. त्यात गेलेली नजर ऑपरेशनने येत नाही, उरलेली थेंबांनी सांभाळता येते. म्हणून डोळ्याचा दाब मोजतात. ज्याच्या घरात काचबिंदू आहे त्याच्या भावाबहिणींनी तपासून घ्यावे.”

मग आम्ही त्यांना एका वयस्क आजोबांची गोष्ट सांगितली. नाव सांगण्याचे कारण नाही. उजव्या डोळ्याने त्यांना चार फुटांवरची बोटे मोजता येत नव्हती. ठरल्या दिवशी गाडीतून रुग्णालयात गेले आणि संध्याकाळी पट्टी न बांधता परत आले. साखर अडीचशेच्या वर होती. वाडीत बोभाटा झाला की, गरीब म्हणून परत पाठवले. तसे नव्हते. साखर जास्त असताना ऑपरेशन केले तर जखम भरायला वेळ लागतो आणि जंतूंची भीती वाढते. पंधरा दिवस गोळ्या घेतल्या, पथ्य पाळले, पुन्हा गेले आणि ऑपरेशन झाले.

“म्हणून,” आम्ही सांगितले, “रोजच्या गोळ्या आणि त्यांची कागदे बरोबर आणा. रक्तदाबाची गोळी बंद करू नका. लघवीच्या त्रासासाठी पुरुष जी गोळी घेतात तीही डॉक्टरांना सांगा, तिच्यामुळे बाहुली नीट मोठी होत नाही. बाहुली मोठी करायला थेंब घालतात, त्यानंतर काही तास धूसर दिसते आणि उन्हात डोळे दिपतात, म्हणून एक सोबती हवाच. डोळ्याभोवती किंवा थेंबांनी भूल देतात. तुम्ही जागे असता. तोंडावर कापड असते, पण श्वास घेता येतो. साधारण पंधरा-वीस मिनिटांचे काम. खोकला आला तर आधी सांगा, हात वर नेऊ नका. दोन्ही डोळे एकाच दिवशी करत नाहीत.”

यानंतर जे सांगितले त्यावर आम्ही सर्वांत जास्त वेळ घेतला. ऑपरेशन डॉक्टर करतात, पण पुढचे सहा आठवडे घरात काढायचे असतात. थेंब बहुधा पहिल्या आठवड्यात दिवसातून सहा वेळा आणि मग दर आठवड्याला एकेक वेळ कमी. चिठ्ठीत वेगळे लिहिले असेल तर चिठ्ठी खरी. बरे वाटले म्हणून थेंब मध्येच सोडले तर आत सूज येते. हात साबणाने धुवायचे, बाटलीचे तोंड डोळ्याला लागू द्यायचे नाही, दोन बाटल्या असतील तर मध्ये पाच मिनिटे. डोळा चोळायचा नाही, डोक्यावरून आंघोळ नाही, हंडा उचलायचा नाही, चुलीच्या धुरात बसायचे नाही.

“आणि मुलगा मुंबईला, मग थेंब कोण घालणार?” आम्हीच विचारले. सगळे गप्प. त्या आजोबांच्या बाबतीत शेजारची आठवीतली मुलगी पुढे आली होती. तिने भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर रोज सहा रेघा ओढल्या आणि थेंब घातला की एक रेघ खोडली. शाळेच्या वेळेतले दोन थेंब तिची आई घाले. नवव्या दिवशी आजोबा म्हणाले, डोळा दुखतोय. थोडी लाली असतेच, पण ठणका वाढला, लाली वाढली, पू आला किंवा आदल्या दिवशी दिसत होते ते आज दिसेनासे झाले, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठायचे. उद्याची एसटी पाहायची नाही. मुलीने ते ऐकले होते, तिने आमच्या कार्यकर्त्याला फोन केला. आत सूज सुरू झाली होती, कारण आजोबा पहाटेचा थेंब गुपचूप चुकवत होते. औषध वाढवल्यावर ती उतरली. महिना-दीड महिन्याने चष्म्याचा नंबर निघाला. पुढे काही वर्षांनी पुन्हा धूसर झाले तर तो परत आलेला मोतीबिंदू नसतो, भिंगामागचा पडदा धूसर होतो आणि लेझरने काही मिनिटांत स्वच्छ होतो, हेही त्यांना सांगून ठेवले आहे.

बोलणे संपल्यावर मघाच्या आजी उठल्या. म्हणाल्या, “यंदा वीस मार्चला महाडला गेले, चवदार तळ्यावर बाबासाहेबांच्या पुतळ्याजवळ उभी राहिले, तर नुसता काळा आकार दिसला. माझं नाव लिवा.” थेंब कोण घालणार, असे आम्ही विचारले. त्यांनी मागे वळून पाहिले. महिला मंडळातल्या दोघींनी हात वर केले. नावाच्या पुढे त्या दोघींचीही नावे आम्ही वहीत लिहून घेतली.