वाढत्या वयाची बॅट

दिवाळीनंतरच्या आठवड्यात एक चौदा वर्षांचा मुलगा आईवडिलांबरोबर माझ्या चिंचवडच्या दवाखान्यात आला. उजवे मनगट आणि खांदा दुखतो, अशी तक्रार होती. पडल्याचे आठवत नव्हते, सूज नव्हती, क्ष-किरण चित्रही निर्दोष होते. मग मी त्याच्या दिनक्रमाची चौकशी केली. महिनाभरापूर्वी तो टेनिस चेंडू सोडून सीझन बॉलवर खेळू लागला होता. वडील चाकणच्या एका कारखान्यात नोकरीला. बोनस हाती येताच त्यांनी हौसेने तेरा हजारांची इंग्लिश विलोची बॅट घेऊन दिली होती. "पुढे उंच होईलच, म्हणून मोठ्या माणसाची घेतली," असे ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी बॅट मागवून वजनकाट्यावर ठेवली. १२२० ग्रॅम भरली. मुलाची उंची होती पाच फूट दोन इंच. दुखण्याचे कारण समोरच होते.

या वयात हाडांच्या टोकांशी वाढीची कूर्चा असते आणि ती पक्क्या हाडापेक्षा कोवळी असते. पेलण्यापलीकडची बॅट रोज दोन तास फिरवली, की तो ताण मनगट, कोपर आणि खांदा सोसतात. शिवाय अशी बॅट उचलण्यासाठी मुलगा खालच्या हाताने ओढू लागतो आणि सरळ फटका आडवा होतो. बॅट हा बूट नव्हे, की पुढे कापूस कोंबून वर्षभर चालवावा.

निवड करताना प्रथम उंची पाहावी. साधारण चार फूट अकरा इंच ते पाच फूट दोन इंचांपर्यंत सहा क्रमांकाची बॅट, त्यापुढे साडेपाच फुटांपर्यंत हॅरो, आणि त्याहून उंच मुलांना शॉर्ट हँडल. सीमेवरच्या मुलाला पुढचे माप चालेल. दोन मापे पुढचे नको. नंतर वजन. दुकानातच मुलाला केवळ वरच्या हाताने बॅट धरून, हात खांद्याच्या रेषेत सरळ पुढे करायला सांगावे. दहा सेकंदांत हात थरथरू लागला किंवा खाली आला, तर ती बॅट त्याच्यासाठी जड आहे.

आता विलोच्या प्रतीविषयी. बहुतेक पालक इथेच गोंधळतात. इंग्लिश विलोचे लाकूड इंग्लंडहून येते आणि आपल्याकडे मुख्यतः मेरठ व जालंधर येथे त्याच्या बॅटी घडतात. मेरठच्या एसजी, एसएस, बीडीएम या नावांवर खेळाडूंचा जुना विश्वास आहे. हे लाकूड हलके व मऊ असून चेंडूला चांगली उसळी देते. काश्मीर विलो त्याच जातीचे, पण अधिक घट्ट आणि जड. अनंतनाग परिसरात त्याचे कारखाने आहेत.

इंग्लिश विलोची प्रत मुख्यतः दिसण्यावरून ठरते, हे दुकानदार सहसा सांगत नाही. बॅटीच्या पात्यावर उभ्या रेषा असतात. एक रेषा म्हणजे झाडाच्या वाढीचे एक वर्ष. रेषा सरळ आणि समान अंतरावर, लाकूड पांढरे, डाग नाहीत, तर पहिली प्रत. कडेला तांबूस पट्टा किंवा काही ठिपके असले, की दुसरी वा तिसरी. त्याहून खालच्या प्रतीचे लाकूड पुष्कळदा पांढरे करून किंवा आवरण चढवून विकतात. प्रत ज्याची त्याने, म्हणजे कारखानदारानेच ठरवलेली असते. सर्वांना बांधणारे एकच मानक नाही. म्हणून डागाळलेली तिसऱ्या प्रतीची बॅट चांगला फटका देऊ शकते आणि देखणी पहिल्या प्रतीची निराश करू शकते. दाट रेषांची बॅट लवकर खुलते, पण लवकर झिजते. विरळ रेषांची खुलायला वेळ घेते आणि अधिक टिकते. नकली स्टिकर लावलेल्या बॅटी बाजारात आहेतच, तेव्हा पक्के बिल घ्यावे.

वाचकहो, बॅट चुकली तर मनगट दुखेल. संरक्षक साधने चुकली, तर हानी कायमची होऊ शकते. या मुलाला मी विचारले, "हेल्मेट कोणाचे?" ते मावसभावाचे होते, सैल आणि दोनदा पडलेले. "गार्ड घालतोस का?" त्याने मान खाली घातली. आई बाहेर गेल्यावर कळले, की गार्ड मागायची त्याला लाज वाटत होती.

सीझन बॉलचे वजन सुमारे १५६ ते १६३ ग्रॅम असते. मे २०२४ मध्ये पुण्याच्या लोहगावात खेळताना जननेंद्रियावर चेंडू लागून एका लहान मुलाचा जीव गेला. इतके टोक विरळ. परंतु अशा माराने वृषण फुटणे किंवा पीळ पडून त्याचा रक्तपुरवठा थांबणे शक्य असते. पीळ पडल्यास साधारण सहा तासांच्या आत शस्त्रक्रिया झाली, तर वृषण वाचण्याची शक्यता चांगली असते. कळ तासाभरात ओसरली नाही, सूज आली किंवा उलटी झाली, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. मुले हे लपवतात, म्हणून वडिलांनी आधीच बोलून ठेवावे. एल-गार्ड फार तर चारपाचशे रुपयांना मिळतो.

हेल्मेटच्या आत 'बीएस ७९२८:२०१३' या ब्रिटिश मानकाचा उल्लेख आहे का, ते पाहावे. पट्टा बांधून मुलाने मान जोरात हलवली, तरी हेल्मेट सरकू नये. वरची कड आणि जाळी यांच्या फटीत चेंडू दाबून पाहावा. तो आत जाता कामा नये. जोराचा मार बसलेले हेल्मेट वरून धड दिसले, तरी बदलावे. २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियाचा फिलिप ह्यूज हेल्मेट घालूनच खेळत होता. चेंडू त्याच्या मानेवर, हेल्मेटच्या खाली लागला. म्हणून वेगवान गोलंदाजी खेळणाऱ्या मुलाच्या हेल्मेटला मानेचे संरक्षक जोडून घ्यावे.

वडिलांना मी एक कागद लिहून दिला. समजा, पंधरा हजार रुपये हाती आहेत. अंदाजे साडेतीन हजार हेल्मेटला, चारशे गार्डला, बावीसशे पॅडला, बाराशे हातमोज्यांना आणि आठशे मांडीच्या पॅडला. झाले ८१०० रुपये. त्यानंतर सुमारे २९०० रुपयांची, पारखून घेतलेली हलकी हॅरो काश्मीर विलो. चार हजार उरतात. पुढच्या वर्षी मुलाची उंची वाढेल, तेव्हा बॅट बदलावीच लागेल. इंग्लिश विलोची सुरुवात त्या पैशांपासून करता येईल.

नवी बॅट लगेच मैदानावर नेऊ नये. कच्च्या जवसाच्या तेलाचे दोन पातळ हात पाते, कडा आणि टोकाला द्यावेत. हँडलच्या सांध्याला तेल लावू नये. मग लाकडी हातोड्याने रोज थोडे, असे एकूण चारपाच तास हलकेच ठोकावे. कडा आणि टोक न ठोकता खेळल्यास तिथेच चिरा पडतात.

तेरा हजारांची बॅट आता त्यांच्या कपाटात आहे. तीन आठवड्यांच्या विश्रांतीनंतर मुलाचे मनगट बरे झाले. परवा तो सर्दीसाठी आला होता. मी काही विचारण्याआधीच हळूच म्हणाला, "डॉक्टर, गार्ड घालतो."