मुलाखतीतील गुण नेमके कशाचे?

शिक्षक-निवडीच्या एका समितीत एकाच उमेदवाराला तिघा परीक्षकांनी ३० पैकी १२, १९ आणि २६ गुण दिल्याचे आम्ही पाहिले आहे. चौकशीअंती उलगडा झाला. एकाने उच्चार तोलले होते, दुसऱ्याने अनुभव, तर तिसऱ्याने विषयज्ञान. उमेदवार एकच, मापे मात्र तीन.

हा प्रश्न जुना आहे. श्रीनगरच्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालयात प्रवेशासाठी लेखी परीक्षेला १०० आणि मुलाखतीला ५० गुण होते. मुलाखत दोन-तीन मिनिटांची, आणि प्रश्न मुख्यतः आईवडील व राहण्याचे ठिकाण यांविषयी, अशी उमेदवारांची तक्रार होती. १९८० साली अजय हासिया खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मुलाखतीला एवढे गुण ठेवणे मनमानी ठरवले आणि तशा प्रवेशासाठी १५ टक्क्यांची मर्यादा घालून दिली. मात्र वाटा कमी केल्याने माप एक होत नाही. त्यासाठी गुणपत्रक हवे.

आमच्या मते निवासी शाळेला तीन-चार निकष पुरेत : विषयज्ञान, प्रत्यक्ष पाठ, वसतिगृहातील प्रसंगावधान. प्रत्येक निकषाला ठरलेला प्रश्न असावा आणि तो सर्वांना त्याच शब्दांत विचारावा. कोणत्या उत्तराला किती गुण, हेही मुलाखतीआधीच लिहून ठेवावे.

उदाहरणार्थ, ‘रात्री अकरा वाजता सहावीतील मुलीला ताप भरला, तर काय कराल?’ ‘दवाखान्यात नेईन’ एवढेच म्हटले तर १ गुण. ताप मोजणे, अधीक्षकांना व पालकांना कळवणे, सोबत कोण जाईल हे सांगणे, यांना ३ गुण. याखेरीज उरलेल्या मुलींपाशी कोण थांबेल आणि आणखी कोणाला ताप आहे काय, याचाही विचार केला, तर ५ गुण. २ आणि ४ हे गुण मधल्या उत्तरांसाठी.

परीक्षकांनी आपसांत बोलण्यापूर्वी गुण शाईने लिहावेत आणि शेजारी उमेदवाराचे शब्द थोडक्यात नोंदवावेत. दोन किंवा अधिक गुणांचा फरक पडला, तर त्या नोंदी वाचाव्यात. बदल करायचा तो कारण लिहून आणि मूळ आकडा न खोडता. अध्यक्षांनी शेवटी बोलावे, नाहीतर बाकीचे आकडे त्यांच्या मताकडे सरकतात.

एखाद्या परीक्षकाच्या पत्रकात एकाच उमेदवाराला सर्व रकान्यांत ४ दिसले, तर त्याने निकष नव्हे, एकूण छाप मोजली असे समजावे.

‘व्यक्तिमत्त्व’ हा रकाना आम्ही ठेवणार नाही. त्याच दाराने आडनाव, पेहराव आणि बोलीची नापसंती आत येते. आमच्या भंडारा जिल्ह्यात झाडीबोलीत वाढलेला उमेदवार अपूर्णांक उत्तम शिकवत असेल, तर त्याच्या बोलीचे गुण कापण्यास पत्रकात जागाच नसावी.

चुकीचा निकष निवडला, तर पत्रकही चुकीचेच मोजेल, हे आम्हांस मान्य आहे. परंतु तेव्हा ती चूक कागदावर असेल, आणि नाकारलेल्या उमेदवाराला तिच्यावर बोट ठेवता येईल.